गॉथिकच्या बर्फाची वही

बिली बार हे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतातील गॉथिक या ठिकाणी १९७० च्या दशकापासून हवामानाची रोजची नोंद ठेवणारे निरीक्षक आहेत. ते हवामानशास्त्रज्ञ नाहीत आणि हे काम त्यांना कोणी नेमून दिलेले नाही. हिवाळ्यात जवळजवळ निर्मनुष्य होणाऱ्या या जागी त्यांनी वेळ घालवण्यासाठी वही सुरू केली. पुढे तीच वही पर्वतातल्या हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्यांच्या कामाचा आधार बनली.

गॉथिकची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या पावणेदोन पट आहे. १८७९ मध्ये चांदीच्या खाणींमुळे इथे गाव वसले, पण काही वर्षांतच खाणींचा धंदा बसला आणि गाव ओस पडले. उरलेल्या लाकडी घरांच्या आधाराने १९२८ मध्ये ‘रॉकी माउंटन बायोलॉजिकल लॅबोरेटरी’ ही जीवशास्त्राची संशोधन संस्था सुरू झाली. उन्हाळ्यात देशभरातून संशोधक आणि विद्यार्थी इथे येतात. हिवाळ्यात मात्र रस्त्यावरचे बर्फ काढले जात नाही, गाड्या बंद होतात आणि क्रेस्टेड बट या जवळच्या गावाकडे जायचे तर स्की बांधून बर्फावरून जावे लागते.

बार १९७२ मध्ये विद्यार्थी म्हणून इथे पाण्याचे नमुने गोळा करायला आले आणि इथेच राहिले. सुरुवातीला तंबू आणि नंतर खाणकामगाराची जुनी झोपडी हा त्यांचा निवारा होता. झोपडीत वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. पुढे त्यांनी स्वतःचे घर बांधले आणि संस्थेच्या हिशेबाचे काम सांभाळले. पण नोंदींची सवय झोपडीतलीच. रात्रीचे सर्वात कमी आणि दिवसाचे सर्वात जास्त तापमान, नव्याने पडलेले बर्फ, साचलेल्या बर्फाची खोली, दिसलेले पक्षी आणि प्राणी, त्यांच्या पावलांचे ठसे, असे सगळे ते १९७४ च्या सुमारापासून वहीत लिहू लागले. काही सिद्ध करायचे नसल्यामुळे त्यांना एखादी नोंद सोयीची किंवा गैरसोयीची वाटण्याचे कारण नव्हते. पुढे या वहीला जी विश्वासार्हता मिळाली, तिचे हे एक मोठे कारण आहे.

रोजचे मोजमाप

पडलेले बर्फ मोजणे पाऊस मोजण्यापेक्षा अवघड असते. पावसाचे पाणी भांड्यात साठते आणि त्याची उंची मिलिमीटरमध्ये वाचता येते. बर्फ वाऱ्याने उडते, एका जागी कमी आणि दुसऱ्या जागी जास्त साचते, शिवाय पडल्यापासून स्वतःच्या वजनाने दबत जाते. म्हणून निरीक्षक वारा कमी लागेल अशा मोकळ्या जागी पांढरा रंग दिलेली एक सपाट फळी ठेवतो. पांढरा रंग अशासाठी, की फळी उन्हाने तापून वरचे बर्फ वितळू नये. ठरलेल्या वेळी फळीवरच्या बर्फाची उंची पट्टीने मोजायची, फळी झाडून स्वच्छ करायची आणि पुन्हा बर्फाच्या पृष्ठभागावर ठेवायची. बार हे काम दिवसातून दोनदा करतात.

उंचीइतकेच बर्फात असलेल्या पाण्याचे मोजमाप महत्त्वाचे असते. त्यासाठी फळीवरच्या बर्फाचा ठरावीक आकाराचा नमुना घेऊन तो वजन करतात. समजा, फळीवर २० सेंटिमीटर बर्फ आहे आणि वजनावरून त्यातले पाणी १.४ सेंटिमीटर भरले. म्हणजे त्या बर्फात पाण्याचा वाटा ७ टक्के आहे आणि बाकी सगळी हवा. कोरड्या थंडीत पडणारे बर्फ असेच हलके, भुसभुशीत असते. हवा जरा उबदार असली की तेवढ्याच उंचीच्या थरात पाणी जास्त भरते. त्यामुळे दोन हिवाळ्यांत बर्फाची उंची सारखी दिसली तरी वसंतात नदीला मिळणारे पाणी वेगवेगळे असू शकते. गॉथिकजवळून ईस्ट रिव्हर वाहते. ती पुढे गनिसन नदीच्या आणि तिच्यामार्फत कोलोरॅडो नदीच्या पात्रात जाते. या नदीखोऱ्यावर सुमारे ४ कोटी लोकांचे पाणी अवलंबून आहे, त्यामुळे पाण्याच्या या आकड्यात शेतकऱ्यांपासून शहरांपर्यंत सगळ्यांना रस असतो.

मोजण्याची वेळ आणि पद्धत न बदलणे हा या कामाचा गाभा आहे. दर सहा तासांनी फळी झाडणाऱ्याची हिवाळ्याची बेरीज दिवसातून एकदा झाडणाऱ्यापेक्षा जास्त येते, कारण त्याच्या फळीवरच्या बर्फाला दबायला वेळच मिळत नाही. बर्फ तेवढेच पडलेले असते, फरक फक्त झाडण्याच्या वेळांचा असतो. एखाद्या निरीक्षकाने विसाव्या वर्षी ही पद्धत बदलली, तर त्याच्या वहीत बर्फ अचानक वाढलेले किंवा घटलेले दिसेल आणि पन्नास वर्षांनी आलेख काढणारा त्याला हवामानबदल समजेल.

तापमानाच्या बाबतीतही असाच एक सापळा आहे. जुन्या पद्धतीच्या कमाल तापमापकात पारा चढताना एक छोटी खूण पुढे ढकलतो. निरीक्षक रोज ती खूण वाचतो आणि पुन्हा पाऱ्याला भिडवतो. हे वाचन त्याने दुपारी चार-पाच वाजता केले आणि तो दिवस विशेष उष्ण असला, तर खूण भिडवताना पारा अजून वरच असतो. दुसरा दिवस थंड गेला तरी खूण आदल्या दुपारची उष्णताच दाखवते. म्हणजे एक उष्ण दिवस दोनदा मोजला जातो. सकाळच्या वाचनात याच्या उलट घडते आणि कडक थंडीची पहाट दोनदा मोजली जाते. अमेरिकेत १८९० पासून स्वयंसेवी हवामान निरीक्षकांचे मोठे जाळे आहे. विसाव्या शतकात त्यातल्या अनेक केंद्रांनी वाचनाची वेळ संध्याकाळवरून सकाळवर आणली आणि त्यामुळे नोंदींत प्रत्यक्षात नसलेली घट आली. ती नंतर गणिताने दुरुस्त करावी लागली. भारतीय हवामान विभाग देशभर दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते सकाळी साडेआठ असा मोजतो, त्यामागेही हाच विचार आहे. कोणती वेळ निवडली यापेक्षा ती पाळली जाणे महत्त्वाचे ठरते.

गॉथिकच्या वहीची ताकद इथे दिसते. माणूस तोच, दरी तीच, स्की करण्याची वाट तीच आणि मोजण्याची रीतही जवळजवळ तीच. पहिला रॉबिन पक्षी कधी दिसला, ही नोंद तर याशिवाय उपयोगी ठरली नसती. पक्षी पहिल्यांदा दिसण्याचा दिवस पक्षी कधी आला यावर अवलंबून असतो, तसा पाहणारे किती आहेत आणि ते किती वेळ बाहेर असतात यावरही. निरीक्षक एकाचे दहा झाले की पक्षी आपोआप ‘लवकर येऊ’ लागतात. गॉथिकमध्ये हिवाळ्याअखेरीस पाहणारा एकच होता आणि तो रोज बाहेर पडत होता.

एका वर्षावरून काही का कळत नाही

गॉथिकमध्ये जमिनीवरचे बर्फ पूर्ण वितळून माती उघडी पडण्याचा दिवस दरवर्षी फार पुढे-मागे होतो. २०१२ मध्ये एप्रिलच्या शेवटाकडेच जमीन उघडी झाली होती, तर १९९५ मध्ये जूनचा तिसरा आठवडा उजाडला. दोन्हींत जवळजवळ दोन महिन्यांचे अंतर आहे. याउलट हवामानबदलामुळे हा दिवस सरकतो तो दशकाला काही दिवस इतक्या संथ गतीने. दोन महिन्यांच्या चढउतारात ही काही दिवसांची सरक लपून जाते.

त्यामुळे थोड्या वर्षांची वही फसवू शकते. ज्याने १९९५ ला मोजायला सुरुवात करून २०१२ ला थांबवले असेल, त्याला वसंत सतरा वर्षांत दोन महिने अलीकडे आला असे दिसेल. ही अतिशयोक्ती आहे, कारण पहिले वर्ष भरपूर बर्फाचे आणि शेवटचे टंचाईचे होते. दुसऱ्या कोणी १९७७ ते १९९५ एवढीच नोंद ठेवली असेल, तर त्याचा निष्कर्ष नेमका उलटा निघेल. १९७७ चा हिवाळा अमेरिकेच्या पश्चिम भागात अवर्षणाचा होता आणि जमीन लवकर उघडी पडली होती. या माणसाच्या मते वसंत झपाट्याने उशिरा येऊ लागला आहे. दोघांचीही मोजमापे बरोबर आणि दोघांचाही निष्कर्ष चूक. संथ बदल शोधायचा तर पहिल्या आणि शेवटच्या वर्षाची तुलना कामाची नाही. सगळ्या वर्षांमधून जाणारा कल पाहावा लागतो आणि त्यासाठी मधली वर्षे गाळलेली नसावी लागतात.

दिवसागणिक तापमानाच्या विक्रमांची गोष्ट यापेक्षा सोपी आहे. एखाद्या तारखेचे, समजा १० फेब्रुवारीचे, कमाल तापमान ४० वर्षे नोंदले आहे. हवामान स्थिर असेल, तर त्या तारखेचा सर्वोच्च आकडा चाळिसांपैकी कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता सारखी, म्हणजे यंदा येण्याची शक्यता चाळिसात एक. पर्वतातला हिवाळा साधारण १६० ते १८० दिवसांचा धरला, तर चाळिसाव्या हिवाळ्यात चार किंवा साडेचार विक्रम मोडायला हवेत. बार यांचा अनुभवही असाच होता. साध्या हिवाळ्यात उष्णतेचे चार-पाच विक्रम व्हावेत, असे त्यांनी सांगितले आहे. मात्र गेल्या दशकातल्या एका हिवाळ्यात त्यांच्या वहीत असे ३६ विक्रम लागले. स्थिर हवामानात योगायोगाने असे घडण्याची शक्यता फारच थोडी आहे. अर्थात उबदार दिवस एकाला लागून एक येतात, त्यामुळे एकाच उष्ण आठवड्यात अनेक विक्रम होऊ शकतात, हे लक्षात घेऊनच हा आकडा वाचावा लागतो. खरा पुरावा एका हिवाळ्याच्या आकड्यापेक्षा अनेक हिवाळ्यांत असे विक्रम अपेक्षेपेक्षा सतत जास्त होत राहण्यात असतो.

वही संशोधकांच्या हाती

मेरिलँड विद्यापीठातील पर्यावरणशास्त्रज्ञ डेव्हिड इनोये १९७३ पासून गॉथिकमध्ये फुलांची मोजणी करत होते. दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असे चौकोन त्यांनी कायमचे आखून घेतले होते. वाढीच्या हंगामात त्यातली फुले एक दिवसाआड मोजली जात. फुले केव्हा उमलणार हे बर्फ केव्हा वितळते यावर ठरते, आणि बर्फाची नोंद शेजारी राहणाऱ्या हिशेबनीसाकडे होती. वहीचे मोल कळल्यावर दोन्ही नोंदी एकत्र ठेवून पाहण्याचे काम सुरू झाले. २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या चार लेखकांत इनोये यांच्याबरोबर बिली बार यांचेही नाव होते.

त्या निबंधाचा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. सखल प्रदेशात वसंत लवकर येऊ लागल्याचे पुरावे तेव्हा जमा होत होते. गॉथिकमध्ये मात्र २५ वर्षांत वसंतातली हवा उबदार होत असूनही बर्फ वितळण्याच्या सरासरी तारखेत लक्षात येण्याजोगा फरक पडला नव्हता. हिवाळ्यात पडणारे बर्फ वाढत होते, म्हणून जास्त ऊब मिळूनही ते वितळायला तेवढाच वेळ लागत असावा, असा लेखकांचा अंदाज होता.

म्हणजे खाली वसंत पुढे सरकला आणि वर तो जागीच राहिला. या विसंगतीचा फटका दोन्हीकडे वावरणाऱ्या जीवांना बसतो. अमेरिकन रॉबिन हा आपल्याकडच्या कस्तुराच्या कुळातला पक्षी. तो हिवाळा खालच्या उबदार भागात काढतो आणि वसंतात डोंगरावर चढतो. खाली ऊब लवकर आली की तो लवकर निघतो. वर काय स्थिती आहे हे त्याला खालून कळण्याचा मार्ग नाही. बार यांच्या नोंदींनुसार १९८१ च्या तुलनेत रॉबिन १४ दिवस आधी येऊ लागला होता. त्याला लागणारे किडे आणि गांडुळे उघड्या जमिनीत मिळतात आणि जमीन तर बर्फाखाली होती. रॉबिनचे आगमन आणि पहिली उघडी जमीन यांच्यातले अंतर १८ दिवसांनी वाढले होते.

दुसरे उदाहरण पिवळ्या पोटाच्या मार्मोटचे. मार्मोट हा खारीच्या कुळातला, मांजराएवढा, गुबगुबीत प्राणी आहे. उन्हाळाभर चरून तो अंगात चरबी साठवतो आणि हिवाळ्याचे महिने बिळात शीतनिद्रेत काढतो. वसंतात तो बर्फ पोखरून बाहेर येतो आणि पांढऱ्या बर्फावर त्याचे तपकिरी अंग दुरूनही उठून दिसते. पहिला मार्मोट दिसल्याची तारीख बार यांनी १९७६ पासून लिहून ठेवली होती. २३ वर्षांत ही तारीख ३८ दिवसांनी अलीकडे आली होती. बाहेर आलेल्या मार्मोटला गवत मिळेपर्यंत उरलेल्या चरबीवर दिवस काढावे लागतात आणि जमीन उशिरा उघडी पडली तर ती चरबी अपुरी पडण्याचा धोका असतो.

पुढच्या वर्षांनी बदललेले उत्तर

नोंद २००० मध्ये थांबली असती, तर गॉथिकमध्ये बर्फ वितळण्याची तारीख बदलत नाही, हेच विज्ञानाचे उत्तर राहिले असते. पण बार रोज फळी झाडत राहिले आणि पुढच्या वर्षांत चित्र पालटले. कायम टिकणारा बर्फाचा थर आता उशिरा धरतो आणि जमीन लवकर उघडी पडते, असे त्यांच्या नोंदी दाखवू लागल्या. विशेष म्हणजे काही वर्षी भरपूर बर्फ साचूनही ते पूर्वीच्या कमी बर्फाच्या वर्षांपेक्षा आधी संपले. किती बर्फ पडले यावरून ते कधी संपेल हे सांगता येण्याचा जुना आडाखा ढिला पडला, कारण वसंतातली ऊब आता मोठा वाटा उचलत होती.

यात आणखी एक कारण मिसळलेले आहे. कोलोरॅडोच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी पठारावरून वसंतात धुळीची वादळे उठतात आणि धूळ पर्वतांवरच्या बर्फावर बसते. स्वच्छ बर्फ बहुतेक सूर्यप्रकाश परत फेकते, धुळीने मळलेले बर्फ मात्र तो शोषून घेते आणि झपाट्याने वितळते. २००९ आणि २०१० मध्ये कोलोरॅडोच्या पर्वतांवर धूळ विशेष जास्त पडली होती. म्हणून जमीन लवकर उघडी पडल्याचे सगळे श्रेय वाढत्या तापमानाला देता येत नाही. वहीतला आकडा काय घडले ते सांगतो. ते कशामुळे घडले हे शोधायला इतर मोजमापे जोडावी लागतात.

बर्फ लवकर गेल्याने झाडांना मोठा हंगाम मिळतो, पण त्यात एक गोम आहे. बर्फाचा थर झाडाचे थंडीपासून रक्षण करतो. तो लवकर निघून गेला की कळ्या लवकर धरतात, पण जूनमध्ये पडणारे पहाटेचे दहिवर काही आपली वेळ त्यासाठी बदलत नाही. ॲस्पेन सनफ्लॉवर या सूर्यफुलासारख्या रानफुलाच्या कळ्यांची इनोये यांनी मोजणी केली. १९९२ ते १९९८ या काळात दरवर्षी सरासरी ३६ टक्के कळ्या थंडीने जळत होत्या. १९९९ ते २००६ मध्ये हे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर गेले. हवा उबदार होत असताना थंडीने होणारे नुकसान वाढते, ही गोष्ट तापमानाची सरासरी पाहून कधीच सुचली नसती.

हमिंगबर्डच्या बाबतीत वेळेचा मेळ वेगळ्या पद्धतीने बिघडतो आहे. रुंद शेपटीचा हमिंगबर्ड मेक्सिकोकडून उन्हाळ्यासाठी या पर्वतात येतो आणि फुलांतल्या मधावर जगतो. त्याला सुरुवातीला मिळणाऱ्या फुलांपैकी एक म्हणजे बर्फ हटताच उमलणारी पिवळी ग्लेशियर लिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि बार हेही एक लेखक असलेल्या निबंधानुसार ही लिली १९७० च्या दशकापेक्षा सुमारे १७ दिवस आधी उमलू लागली होती. पक्ष्याचे आगमन मात्र एवढे अलीकडे सरकले नव्हते. रॉबिन जमीन उघडी पडण्याच्या फार आधी पोहोचतो, तर हमिंगबर्डला त्याची पहिली फुले चुकण्याची भीती आहे. एकाच दरीत, एकाच वहीत या दोन उलट्या तक्रारी सापडतात. कारण रॉबिन पायथ्याच्या उबेवर चालतो, लिली डोंगरावरच्या बर्फावर चालते आणि दूरवरून निघणाऱ्या हमिंगबर्डला दोहोंपैकी कशाचीच कल्पना नसते.

इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये १९७४ ते २०१२ या ३९ वर्षांतील ६० वनस्पतींच्या फुलण्याच्या नोंदी एकत्र मांडल्या. सगळ्या फुलांचा मिळून हंगाम ३५ दिवसांनी लांबला होता. प्रत्येक वनस्पती मात्र एकाच दिशेने सरकलेली नव्हती. कोणाचे पहिले फूल आधी येऊ लागले, कोणाचा बहराचा काळ सरकला, तर कोणाचे शेवटचे फूल लांबले.

प्रत्येक बदल नुकसानीचाच असतो असेही नाही. लवकर जागणाऱ्या मार्मोटबद्दल २००० मध्ये व्यक्त झालेली काळजी पूर्णपणे खरी ठरली नाही. त्यांच्यावर चाललेल्या अनेक दशकांच्या स्वतंत्र अभ्यासाचा निष्कर्ष २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. लांबलेल्या उन्हाळ्यात मार्मोटना चरायला जास्त दिवस मिळाले, त्यांचे वजन वाढले, जास्त मार्मोट हिवाळा पार करू लागले आणि त्यांची संख्या वाढली. सुरुवातीचे संकट पुढे सुबत्तेत बदलले. ही सुबत्ता टिकेल की उन्हाळ्यातला कोरडेपणा ती हिरावून घेईल, हे पुढची वर्षेच ठरवतील.

वहीच्या मर्यादा

बार यांची नोंद एका दरीची आहे. त्याच उंचीवर, पण शेजारच्या दक्षिणाभिमुख उतारावर बर्फ काही आठवडे आधी संपू शकते. म्हणून गॉथिकच्या आकड्यांवरून साऱ्या रॉकी पर्वताचे चित्र रंगवता येत नाही. त्यासाठी उपग्रह, आपोआप वजन करणारी बर्फाची केंद्रे आणि इतर निरीक्षकांच्या नोंदींशी त्यांचा ताळा घ्यावा लागतो. पक्षी किंवा प्राणी पहिल्यांदा दिसण्याच्या तारखांतही एक उणीव आहे. पहिला मार्मोट म्हणजे शेकडोंमधला सर्वात उतावळा. मार्मोटची संख्या वाढली की त्यात असा एखादा उतावळा निघण्याची शक्यताही वाढते आणि कळप नेहमीच्याच वेळी उठत असला तरी पहिली तारीख अलीकडे येते. हा दोष टाळण्यासाठी पुढच्या अभ्यासांत खूण केलेल्या एकेका मार्मोटच्या तारखा घेतल्या गेल्या.

सप्टेंबर २०२१ ते जून २०२३ या काळात अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने गॉथिकमध्ये रडार, वातावरणमापक आणि इतर अनेक यंत्रे बसवली. ढग, वारा, बर्फाचे कण आणि जमिनीकडून परतणारी उष्णता यांची सेकंदागणिक मोजमापे घेतली गेली. एका हिमवादळात नेमके काय घडते, हे ही यंत्रे कोणत्याही वहीपेक्षा बारकाईने सांगतात. पण त्या दोन हिवाळ्यांचे बर्फ गॉथिकसाठी जास्त होते की कमी, जमीन नेहमीपेक्षा आधी उघडी पडली की उशिरा, हे यंत्रांना सांगता येत नाही. त्यासाठी मागच्या पन्नास वर्षांच्या नोंदी लागतात.

स्वयंचलित यंत्राने निरीक्षकाची जागा घ्यायची असेल, तर दोघांनी काही हिवाळे एकाच ठिकाणी सोबत मोजावे लागते. यंत्र आणि माणूस यांच्या आकड्यांत सतत राहणारा फरक त्यातून कळतो आणि तो वजा करून जुनी नोंद नव्या नोंदीला जोडता येते. असे सोबतचे मोजमाप न करता यंत्र बसवले किंवा फळी शंभर मीटर दुसरीकडे हलवली, तर वहीच्या जागी दोन तोकड्या वह्या उरतात. आणि एप्रिल ते जून इतक्या मोठ्या चढउताराच्या ठिकाणी तोकडी वही कशी फसवते, हे १९७७, १९९५ आणि २०१२ या तीन वर्षांनी दाखवलेच आहे.